पोकळ ब्लॉकची भिंत : आतली सळई आणि ग्राऊट

रस्त्याने जाताना पोकळ सिमेंट ब्लॉकचं बांधकाम तुम्ही नेहमी बघता. ब्लॉकला मधे दोन मोठी भोकं असतात. भिंत उभी राहिली की ही भोकं एकावर एक येतात आणि भिंतीच्या आत पायापासून माथ्यापर्यंत सरळ नळ्या तयार होतात. बहुतेक ठिकाणी त्या नळ्या रिकाम्याच राहतात. पण भूकंपाच्या भागात त्यातल्या ठराविक नळ्यांमध्ये उभी सळई घालून त्या पातळ काँक्रीटने भरतात. या पातळ काँक्रीटला ग्राऊट म्हणतात. आजच्या पाठात एवढंच समजून घ्यायचं आहे : ही नळी कशी भरायची, आणि भरली की नाही हे बाहेरून कसं ओळखायचं. कारण खरी अडचण इथेच आहे. बीम किंवा कॉलमची सेंट्रिंग काढली की आतला दोष डोळ्यांना दिसतो. इथे सेंट्रिंग म्हणजे ब्लॉकच, आणि तो कधीच निघत नाही.

सळई कशासाठी?

भिंतीवर वरून वजन येतं तेव्हा ती दाबली जाते. दाब सोसण्यात ब्लॉक आणि माल दोन्ही पक्के असतात. पण भूकंपात जमीन आडवी हलते. मग भिंत एका बाजूला वाकू लागते. पातळ पुस्तक उभं धरून वाकवा : एका बाजूची पानं दाबली जातात, दुसऱ्या बाजूची ताणली जातात. भिंतीचंही तसंच होतं. आणि ताण सोसण्यात बांधकाम अगदीच कच्चं. दोन ब्लॉकमधला मालाचा सांधा थोड्याशा ताणाने उघडतो. हा ताण घेण्यासाठी उभी सळई लागते.

आता प्रश्न असा की नुसती सळई पोकळीत उभी केली तर चालेल का? नाही. मोकळ्या नळीतली सळई म्हणजे बाटलीतली काडी. बाटली वाकली तरी काडीला त्याचा पत्ता नसतो. सळईने ताण घ्यायचा तर तिला चारही बाजूंनी ब्लॉकशी घट्ट धरून ठेवणारं काहीतरी हवं. ते काम ग्राऊट करतं. शिवाय ग्राऊट सळईला हवेपासून आणि ओलीपासून झाकतं. जिथे ग्राऊट पोचलं नाही तिथे सळई गंजते, आणि गंजलेली सळई फुगून ब्लॉकला आतून तडे पाडते.

हे शहाणपण मोठी किंमत मोजून आलेलं आहे. १० मार्च १९३३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला भूकंप झाला. सळई नसलेल्या विटांच्या भिंतींच्या अनेक शाळा कोसळल्या. वेळ संध्याकाळी सहाच्या सुमाराची होती, म्हणून वर्ग रिकामे होते. महिन्याभरात तिथे शाळांच्या बांधकामाचा कडक कायदा झाला, आणि पुढे सळई व ग्राऊट घातलेल्या भिंतींची पद्धत तिथे रुजली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा माणसं घरात झोपलेली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती त्यांच्यावर पडल्या. भिंत जाड होती, पण तिला बांधून ठेवणारं आत काही नव्हतं.

कुठल्या पोकळ्या भरायच्या?

सगळ्या नाही. घराचे कोपरे, दोन भिंती जिथे मिळतात ती जागा, आणि दारं-खिडक्यांच्या दोन्ही बाजू, एवढ्या ठिकाणी उभी सळई सर्वांत जास्त उपयोगी पडते. भूकंपरोधक बांधकामाचं आपलं मानक आयएस ४३२६ हेच सांगतं. एकमजली घराला, भूकंपाचा धोका जास्त असलेल्या श्रेणींत, प्रत्येक जागी १० किंवा १२ मिलिमीटरची एक सळई धरतात. तुमच्या गावाला नेमकी कोणती आणि किती हे इंजिनीयरने ठरवायचं. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी : सळई पायाच्या काँक्रीटमधून सुरू झाली पाहिजे, लिंटेलच्या पट्ट्यातून आरपार गेली पाहिजे आणि छताच्या पट्ट्यात किंवा स्लॅबमध्ये वाकवून अडकवली पाहिजे. दोन्ही टोकं अडकलेली नसतील तर मधल्या सळईचा काही उपयोग नाही.

आता एक खोली घेऊ

आतून ४ मीटर बाय ३ मीटरची एक खोली, एक दार, एक खिडकी. भिंतीची उंची ३ मीटर. ब्लॉक नेहमीचा, सांधा धरून ४०० बाय २०० बाय २०० मिलिमीटरचा. म्हणजे भिंतीला १५ थर बसतील.

भरायच्या पोकळ्या मोजा : कोपरे ४, दाराच्या बाजू २, खिडकीच्या बाजू २. एकूण ८.

एका पोकळीत किती ग्राऊट मावेल? ब्लॉक ३९० मिलिमीटर लांब. त्यात तीन आडव्या भिंती, प्रत्येकी साधारण ३० मिलिमीटर. उरले ३००, म्हणून एक पोकळी १५० मिलिमीटर लांब. रुंदीला १९० मधून बाहेरच्या दोन भिंती वजा केल्या की सुमारे १२५ मिलिमीटर राहतात. पण पोकळी वर आणि खाली सारखी नसते, साच्यातून ब्लॉक सुटावा म्हणून ती थोडी निमुळती असते. त्यामुळे गणितापेक्षा मोजलेलं बरं. एक ब्लॉक प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवा, एका पोकळीत कोरडी वाळू काठोकाठ भरा आणि ती वाळू लिटरच्या मापाने मोजा. समजा ३.३ लिटर भरली. सांध्याच्या जाडीचे ०.२ लिटर धरले की दर थराला ३.५ लिटर. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

१५ थरांचे ५२.५ लिटर. आठ पोकळ्यांचे ४२० लिटर. (लिंटेलचा पट्टा मधे येतो, तो हिशेबाला सोपं जावं म्हणून सोडून दिलाय.)

ग्राऊटचं प्रमाण १ भाग सिमेंट, अडीच भाग वाळू, दीड भाग बारीक खडी (१० मिलिमीटरच्या आतली) असं घेऊ. ५० किलोची सिमेंटची पिशवी म्हणजे ३५ लिटर. वाळू ८७.५ लिटर, खडी ५२.५ लिटर. कोरडा माल १७५ लिटर झाला, पण पाणी घालून कालवल्यावर वाळू खडीच्या फटींत शिरते आणि सिमेंट वाळूच्या, त्यामुळे हाती साधारण ११५ लिटर ग्राऊट येतं. ४२० ला ११५ ने भागलं की ३.६५, म्हणजे ४ पिशव्या. बघा, एका खोलीच्या आठ पोकळ्या भरायला चारच पिशव्या सिमेंट!

सळई १२ मिलिमीटरची धरू. एका जागी पायातलं अडकवणं आणि वाकवणं ०.६ मीटर, जोत्यावर वर आलेला तुकडा ०.६ मीटर, त्याला जोडलेली १.८ मीटरची सळई आणि तिच्यावर २.२ मीटरची. एकूण ५.२ मीटर. आठ जागांचे ४१.६ मीटर. सळईचं दर मीटरचं वजन काढायचं साइटवरचं सूत्र तुम्हाला माहीत असेलच : व्यासाचा वर्ग भागिले १६२. १४४ भागिले १६२ म्हणजे ०.८८९ किलो. एकूण लोखंड ३७ किलो.

भिंत रचताना घ्यायची काळजी

पायातून वर येणारी सळई नेमकी पोकळीच्या मध्यावर आली पाहिजे. म्हणून पायाचं काँक्रीट ओतण्याआधी पहिला थर कोरडा मांडून बघायचा आणि पोकळीच्या खुणा करूनच सळई उभी करायची. सळई पोकळीच्या भिंतीला चिकटून आली तर त्या बाजूला ग्राऊट शिरत नाही. खडीचं ग्राऊट असेल तर सळई आणि ब्लॉक यांच्यात निदान १३ मिलिमीटर मोकळी जागा हवी.

एरवी पोकळ ब्लॉक बसवताना गवंडी फक्त बाहेरच्या दोन कडांवर माल लावतात. भरायच्या पोकळीभोवती मात्र मधल्या आडव्या भिंतीवरही माल लावायचा. नाहीतर पातळ ग्राऊट सांध्यातून शेजारच्या पोकळीत पळतं आणि आपली पोकळी अर्धवट राहते.

थापीने माल लावताना तो आत सांडतो आणि सांध्यांतून आत जिभांसारखा बाहेर येतो. १३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आलेली जीभ काढलीच पाहिजे. यावर साधा उपाय म्हणजे गोणपाटाचा बोळा दोरीला बांधून पोकळीत ठेवायचा आणि थर चढेल तसा तो वर ओढत न्यायचा. सांडलेला माल त्यावर पडतो आणि ओल्या जिभाही पुसल्या जातात. शिवाय अगदी तळाच्या ब्लॉकला आतल्या बाजूने ७५ मिलिमीटरची एक खिडकी कापून ठेवायची. तिच्यातून तळ साफ करता येतो, सळईचा जोड तारेने बांधता येतो, आणि सळई खरंच तिथे आहे हे बघता येतं. ओतण्याआधी ती फळीने घट्ट बंद करायची.

आणखी एक. विटा आपण बांधण्याआधी भिजवतो, त्या सवयीने ब्लॉकही भिजवले जातात. काँक्रीटचा ब्लॉक भिजवू नये. ओला ब्लॉक फुगतो, भिंतीत वाळताना आकसतो आणि सांध्यांना तडे जातात. फारच ऊन असेल तर वरच्या पृष्ठावर हलका शिडकावा पुरे.

ग्राऊट एवढं पातळ का?

काँक्रीटमध्ये जास्त पाणी घालू नये हे तुम्ही पाठ केलेलं असतं. मग इथे उलटं का? स्लंपच्या चाचणीत ३०० मिलिमीटर उंचीचा शंकू काढून घेतल्यावर ग्राऊट २०० ते २८० मिलिमीटर खाली बसलं पाहिजे असं सांगतात. म्हणजे जवळजवळ वाहतंच!

याची दोन कारणं. पहिलं, नळी अरुंद आहे आणि मधे सळई आहे. घट्ट माल वरच अडकतो आणि त्याच्याखाली पोकळी राहते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कोरडा ब्लॉक टीपकागदासारखा असतो. ग्राऊट आत पडताक्षणी तो त्यातलं पाणी शोषायला लागतो. म्हणजे बादलीत जेवढं पाणी आपण घातलं तेवढं पोकळीत राहत नाही. वाहण्यापुरतं पाणी वाहताना कामाला येतं, आणि मग जास्तीचं ब्लॉकमध्ये निघून जातं. मागे राहिलेलं ग्राऊट आपण ओतलं त्यापेक्षा घट्ट आणि मजबूत असतं.

म्हणूनच ग्राऊटचा नमुना लोखंडी साच्यात घेतला तर त्याची ताकद कमी दिसते, कारण लोखंड पाणी शोषत नाही. अमेरिकी पद्धतीत चार ब्लॉक उभे मांडून मधे चौकोनी जागा करतात, आतून शोषणारा कागद लावतात आणि नमुना तिथेच ओततात. ब्लॉकने पाणी शोषलेला हा नमुना भिंतीतल्या ग्राऊटसारखा असतो. २८ दिवसांनी त्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला निदान १४ न्यूटन यावी अशी तिथली अपेक्षा आहे.

पण पातळ म्हणजे पाणचट नव्हे हं. ओतताना खडी खाली आणि पाणी वर असं वेगळं दिसायला लागलं तर पाणी जास्त झालं. आणि संध्याकाळी उरलेला जोडणीचा माल पोकळीत ढकलणं म्हणजे ग्राऊट भरणं नव्हे. तो घट्ट असतो, त्यात खडी नसते आणि तो जमू लागलेला असतो. विटांचे तुकडे, कपच्या टाकणं तर त्याहून वाईट, कारण एक तुकडा आडवा बसला की खालचं सगळं बंद.

किती उंचीपर्यंत ओतायचं?

इथे आठवीचं विज्ञान आठवा : द्रवाचा दाब उंचीबरोबर वाढतो. ओलं ग्राऊट द्रवासारखंच दाबतं. एक घनमीटर ग्राऊट साधारण २,३०० किलोचं. १.२ मीटर उंची एका दमात ओतली तर तळाशी दर चौरस मीटरला २,७६० किलो वजनाएवढा दाब येतो. एका पोकळीची बाहेरची भिंत १५० बाय १९० मिलिमीटरची, म्हणजे ०.०२८५ चौरस मीटर. तिच्यावर सुमारे ८० किलो. हीच उंची ३ मीटर केली तर जवळजवळ २०० किलो, तेही ३०-३५ मिलिमीटर जाडीच्या कवचावर आणि कालपरवाच्या मालावर. कवच फुटू शकतं, ब्लॉक सरकू शकतो. म्हणून छोट्या घराच्या कामात १.२ मीटर, म्हणजे सहा थर, ही सोयीची उंची आहे. सहा थर रचायचे, माल घट्ट होऊ द्यायचा, वरून १.८ मीटरची सळई सोडून खालच्या तुकड्याशी बांधायची आणि मग ओतायचं. सळईचा ०.६ मीटरचा भाग वर उरतो, तोच पुढच्या सळईचा जोड. १२ मिलिमीटर सळईला ०.६ मीटर म्हणजे व्यासाच्या पन्नासपट.

ग्राऊट अगदी काठापर्यंत आणायचं नाही. वरच्या सांध्याच्या ४० मिलिमीटर खाली थांबायचं. पुढचं ग्राऊट त्या खोबणीत बसतं आणि दोन ओतण्यांचा जोड ब्लॉकच्या सांध्याच्या रेषेत येत नाही.

ओतताना बारीक नीडलचा व्हायब्रेटर काही सेकंद सोडून हळूहळू वर घ्यायचा. मग थोडा वेळ थांबायचं. तेवढ्यात ब्लॉक पाणी ओढतो, ग्राऊट खाली बसतं, आणि बसताना ते कधी कडांना लटकून राहतं, सळईपासून सुटतं. म्हणून जमायला लागण्याआधी दुसऱ्यांदा व्हायब्रेटर फिरवायचा आणि कमी झालेली पातळी भरायची. ही दुसरी खेप लोक हमखास विसरतात. व्हायब्रेटर नसेल तर सळईने कोचता येतं, पण मग एका वेळी ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त ओतू नका. म्हणजे थर एक रचा, एक भरा.

भरलं की नाही, कसं कळेल?

आता तो कागद काढा. दर थराला ३.५ लिटर, सहा थरांना २१ लिटर. वरचे ४० मिलिमीटर रिकामे ठेवल्यामुळे एक लिटरभर कमी, म्हणजे २० लिटर. प्रत्येक पोकळीत किती बादल्या गेल्या हे मोजत ओता. १४ लिटरमध्येच पोकळी भरलेली दिसली, तर जवळजवळ दोन थरांएवढी जागा आत कुठेतरी रिकामी आहे. मालाची जीभ किंवा घट्ट गोळा अडकला असणार. ग्राऊट ओलं आहे तोवरच व्हायब्रेटरने किंवा सळईने मोकळं करा. उलट ३० लिटर ओतूनही पातळी वर येत नसेल, तर ते शेजारच्या पोकळीत जातंय. यंत्र नको, प्रयोगशाळा नको, फक्त मोजकी बादली आणि पेन्सिल.

दुसरी खूण डोळ्यांनी दिसते. ब्लॉक कोरडे असतील तर ओतल्यानंतर काही वेळाने भरलेल्या पोकळीसमोर भिंतीवर ओलसर उभा पट्टा उमटतो. पट्टा मधेच तुटला असेल तर तिथे शंका घ्या. गिलावा करण्याआधी, आठवडाभराने, छोट्या हातोडीने वरपासून खालपर्यंत ठोकून ऐका. भरलेल्या जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी घुमतो. शंका असलेल्या जागी बारीक भोक पाडून तार घालून बघा. जागा रिकामी निघाली तर कवच कापून, आतून साफ करून, पुन्हा ग्राऊट भरता येतं. गिलाव्यानंतर हे कुणीही करत नाही.

शेवटी या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवा. उभी सळई एकटी भिंत वाचवत नाही. जोत्याचा, लिंटेलचा आणि छताचा आडवा पट्टा तिला बांधलेला असेल तरच चारही भिंती पेटीसारख्या एकत्र हलतात. भरीव ब्लॉक किंवा वजनाला हलके एएसी ब्लॉक यांना अशा पोकळ्या नसतात, तिथे ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातला एक पोकळ ब्लॉक घेऊन वाळूने त्याच्या एका पोकळीचं माप काढा. आपल्या ३.३ लिटरपेक्षा किती फरक पडला?

२. भिंतीची उंची २.८ मीटर, भरायच्या पोकळ्या १०, दर थराला ३.५ लिटर. ग्राऊट आणि सिमेंटच्या पिशव्या किती लागतील?

३. सहा थरांच्या पोकळीत २० ऐवजी १७ लिटर ग्राऊट गेलं. आत सुमारे किती उंचीची जागा रिकामी आहे? ती शोधायला तुम्ही आधी काय कराल?